एट्रियल फिब्रिलेशन : गोळी कुणाला, कुठली आणि किती?

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक छोटा कोपरा असतो. तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. हा धोका इतरांच्या तुलनेत साधारण पाचपट असतो. गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांनी तो बराच कमी होतो, पण त्यांच्याविषयी घरोघरी गैरसमज आहेत. ते तपासण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ७२ वर्षांच्या एक आजी, वजन ५४ किलो. त्यांना मधुमेह आहे, बीपी गोळीने आटोक्यात आहे आणि रक्तातले क्रिएटिनिन १.१ आहे. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन दिसले आहे.

गैरसमज : ठोके आता नियमित झालेत, मग गोळी कशाला?

वस्तुस्थिती : गोळी द्यायची की नाही हे आजच्या ठोक्यांवरून ठरत नाही. अनियमितता येऊन-जाऊन असली, औषधाने थांबली किंवा अ‍ॅब्लेशनने गेली, तरी ती नकळत परतू शकते. शिवाय वय, मधुमेह आणि बीपी होते तिथेच असतात. म्हणून निर्णय धोक्याच्या गुणांवर होतो.

हे गुण 'चॅड्स-व्हॅस्क' नावाच्या स्कोअरने मोजतात. हार्ट फेल्युअर, बीपी, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचा आजार (उदाहरणार्थ पूर्वीचा हार्ट अटॅक) यांना प्रत्येकी १ गुण मिळतो. वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ किंवा जास्त असेल तर २. पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल तर २. मूळ स्कोअरमध्ये स्त्री असण्याचाही १ गुण होता. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत तो वगळला.

आता आजींचे गुण मोजू. वयाचा १, मधुमेहाचा १ आणि बीपीचा १, असे ३ झाले. "बीपी तर नॉर्मल आहे," असे घरचे म्हणतील. पण बीपी गोळीने आटोक्यात असले तरी तो गुण धरला जातो. या पद्धतीत २ किंवा जास्त गुण असले की गोळी द्यावी, १ असेल तर रुग्णाशी बोलून ठरवावे आणि ० असेल तर गोळीची गरज नाही. आजींचे ठोके उद्या नियमित झाले, तरी ३ गुणांचे २ होणार नाहीत.

गैरसमज : वय झाले आहे, ॲस्पिरिन पुरे. ती सौम्य असते.

वस्तुस्थिती : ॲस्पिरिन प्लेटलेट्सवर काम करते. एट्रियल फिब्रिलेशनमधली गुठळी मुख्यतः साचलेल्या रक्तात रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांमुळे होते, म्हणून इथे ॲस्पिरिन तोकडी पडते. ॲव्हेरोज हा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत पुरेसा बोलका आहे. वॉरफरिन ही जुनी गोळी देता येणार नाही असे रुग्ण निवडून काहींना ॲपिक्सबान आणि काहींना ॲस्पिरिन दिली गेली. पक्षाघात किंवा शरीरात अन्यत्र गुठळी जाण्याचे प्रमाण ॲस्पिरिन गटात वर्षाला ३.७ टक्के होते आणि ॲपिक्सबान गटात १.६ टक्के. मोठा रक्तस्राव अनुक्रमे १.२ आणि १.४ टक्क्यांना झाला. म्हणजे पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि रक्तस्रावात लक्षणीय फरक पडला नाही. 'सौम्य' ॲस्पिरिन या कामात दुबळी होती, सुरक्षित मात्र नव्हती. हृदयात स्टेंट बसवला असेल तर काही काळ वेगळी जोडणी लागते. ती हृदयरोगतज्ज्ञच ठरवतात.

गैरसमज : नवी गोळी महाग, म्हणजे सगळ्यांसाठी चांगली.

वस्तुस्थिती : नव्या गोळ्यांमध्ये डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सबान, ॲपिक्सबान आणि एडॉक्सबान येतात. त्यांना वॉरफरिनप्रमाणे दर काही आठवड्यांनी आयएनआर तपासावा लागत नाही, पालेभाज्यांचा हिशेबही ठेवावा लागत नाही. बहुतेक रुग्णांना त्याच योग्य ठरतात. पण दोन प्रकारचे रुग्ण याला अपवाद आहेत आणि त्यांच्यासाठी वरचा स्कोअरही लागू नाही : गोळी द्यावीच लागते. पहिला प्रकार म्हणजे धातूची झडप बसवलेले रुग्ण. दुसरा म्हणजे मायट्रल झडप बरीच आकसलेले. आपल्याकडे या आकसण्याचे मोठे कारण लहानपणचा संधिवाती ताप आहे.

संधिवाती झडपेच्या आजारासह एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवरचा इन्व्हिक्टस अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातले रुग्णही होते. रिव्हरॉक्सबानपेक्षा वॉरफरिनच्या जातीच्या औषधांवर मृत्यू कमी झाले. अशा रुग्णांसाठी वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमरॉलच योग्य आणि आयएनआर साधारण २ ते ३ ठेवायचा. धातूच्या झडपेत लक्ष्य झडपेनुसार कधी याहून वर असते. म्हणून गोळी निवडण्याआधी एको तपासणी करून झडप पाहणे आवश्यक आहे. आजींच्या एकोत झडप ठीक आहे असे धरू.

गैरसमज : आजी बारीक आहेत, अर्धा डोस द्या. रक्तस्राव नको.

वस्तुस्थिती : डोस अंदाजाने कमी केला तर गुठळी रोखण्याचे काम अर्धवट राहते. प्रत्येक गोळीचे नियम वेगळे आहेत आणि त्यात किडनीचा रक्त गाळण्याचा वेग लागतो. तो नुसत्या क्रिएटिनिनवरून कळत नाही. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा आणि स्त्री असेल तर ०.८५ने गुणा. आजींसाठी : ६८ × ५४ × ०.८५ ÷ (७२ × १.१) = सुमारे ३९ मिली प्रति मिनिट. १.१ हा आकडा रिपोर्टमध्ये नॉर्मल वाटतो, पण ७२ वर्षांच्या बारीक बाईंची किडनी बरीच मंदावलेली निघाली.

याचा परिणाम गोळीगणिक वेगळा होतो. रिव्हरॉक्सबान १५ ते ४९ या वेगात २० ऐवजी १५ मिलिग्राम, दिवसातून एकदा आणि जेवणासोबतच द्यायची. उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. ॲपिक्सबानचा नियम निराळा आहे. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तरच ५ ऐवजी २.५ मिलिग्राम. आजींकडे फक्त कमी वजन आहे, म्हणून त्यांना पूर्ण ५ मिलिग्राम दोनदा. डॅबिगॅट्रान मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडते, त्यामुळे ३९ वेगाला ती तितकीशी सोयीची नाही.

गैरसमज : रक्तस्रावाचा धोका असेल तर गोळी टाळलेलीच बरी.

वस्तुस्थिती : रक्तस्रावाचा धोका मोजतात तो गोळी नाकारण्यासाठी नव्हे, दुरुस्त करता येणारी कारणे शोधण्यासाठी. वाढलेले बीपी, दारू, विनाकारण चालू ठेवलेली ॲस्पिरिन आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, ही नेहमीची कारणे. आजींच्या पिशवीत अशी गोळी सापडली तर ती आधी बंद करायला हवी.

नव्या गोळ्यांचा असर साधारण एका दिवसात ओसरतो, म्हणून डोस चुकवू नका आणि दात काढण्यापूर्वी स्वतःहून बंद करू नका. वर्षातून निदान एकदा, आणि किडनी मंदावली असेल तर त्याहून लवकर, क्रिएटिनिन व वजन तपासून डोस नव्याने ठरवून घ्या. काळे शौच, लघवीत रक्त, डोक्याला मार किंवा एका बाजूचा अशक्तपणा यांपैकी काहीही झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि कुठली गोळी कधी घेतली हे तिथे आधी सांगा.