निवेदन वर, नामघोष खाली

आषाढी जवळ आली की शाळाशाळांतून दिंडीचे बेत सुरू होतात. अलीकडे या दिंडीला आणखी एक जोड मिळू लागली आहे. वारीची माहिती सांगणारे पाचेक मिनिटांचे निवेदन आणि त्याच्या मागे टाळमृदंगासह नामघोष, असा ध्वनिमुद्रित कार्यक्रम शाळेतच तयार करतात आणि पटांगणात कर्ण्यावरून ऐकवतात. मोबाइलवर मुद्रण होते, शाळेच्या संगणकावर जुळणी होते. कार्यक्रम संपतो आणि मागे बसलेले आजोबा म्हणतात, "टाळ फार सुरेख वाजले हो, पण बाई काय बोलल्या ते काही कळले नाही."

असे का व्हावे? आपल्या बोलण्यात स्वरांचा आवाज भरदार असतो. पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. 'स', 'श', 'च', 'त' ही व्यंजने नाजूक आणि उंच पट्टीची असतात. टाळांचा खणखणाटही त्याच उंच पट्टीत असतो, आणि तो व्यंजने सहज गिळून टाकतो. दुसरे कारण असे की नामघोष हेही शब्दच आहेत. दोन माणसे एकदम बोलू लागली तर आपले लक्ष दुभंगते, तसेच इथे होते. नुसता तंबोरा असता तर तो थोडा मोठा चालला असता. नामघोष त्याहून बराच खाली ठेवावा लागतो.

मग सगळाच नामघोष बारीक करून टाकला तर? शब्द कळतील, पण दिंडी कुठेतरी चार शेते पलीकडून चालल्यासारखी वाटेल. म्हणून करायचे ते असे: निवेदक बोलू लागला की नामघोषाने खाली बसावे आणि तो थांबला की पुन्हा उठावे. आकाशवाणीच्या कक्षात हे काम तंत्रज्ञाचा हात करतो. एक डोळा संहितेवर ठेवून तो बोलणे सुरू होण्याच्या आधीच संगीत उतरवू लागतो. संगणकावर हेच काम ऑडॅसिटी नावाच्या विनामूल्य प्रणालीत करता येते.

आता एक उदाहरण घेऊन पाहू. निवेदनात एक वाक्य आहे: "वारीत चालणाऱ्याला त्याची जात विचारली जात नाही." हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे त्याच्याशीच गाठ आहे.

पहिली गोष्ट म्हणजे निवेदन आणि नामघोष वेगवेगळे मुद्रित करावेत. दोन्ही एकाच खोलीत एकदम घेतले तर नंतर ते वेगळे करणे कठीण. निवेदनाच्या वेळी पंखा बंद ठेवा, खिडक्या लावून घ्या आणि मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा. मग संगणकावर नामघोषाची पट्टी वर आणि निवेदनाची पट्टी तिच्या लगेच खाली ठेवा. हा क्रम चुकला तर काम होत नाही. केवळ वरची, नामघोषाची पट्टी निवडा आणि Effect या यादीतून Auto Duck घ्या. आता खालचा आवाज ऐकून वरचा उतरवायचा, एवढे संगणकाला कळते.

पुढे येणाऱ्या चौकटीत काही आकडे भरायचे असतात. Duck amount म्हणजे नामघोष किती उतरवायचा ते. तिथे आधीच -12 डेसिबल असतात. त्याचा अर्थ ध्वनितरंगाची उंची सुमारे पाव होते. टाळ जोरात असतील तर -15 किंवा -18 करून पाहा. Outer fade down length म्हणजे बोलण्याच्या आधी किती वेळ उतरायला सुरुवात करायची, आणि Outer fade up length म्हणजे बोलणे संपल्यावर किती वेळात वर यायचे. दोन्ही ठिकाणी एक सेकंद ठेवावा. एकदम उतरवले तर कोणी बटण बंद केल्यासारखे वाटते.

Maximum pause म्हणजे केवढी विश्रांती संगणकाने सोडून द्यायची. निवेदक दोन वाक्यांमध्ये दीडदोन सेकंद थांबतो. तेवढ्यात नामघोष वर येऊन परत खाली गेला, की लोहाराच्या भात्यासारखी वर-खाली सुरू होते आणि ऐकणारा वैतागतो. म्हणून हा आकडा तीन सेकंद करावा, आणि जिथे नामघोष खरोखर ऐकवायचा आहे तिथे निवेदनात सातआठ सेकंदांची मोकळी जागा ठेवावी.

आता ते वाक्य. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. वाक्य संपताना आपला आवाज आपोआप खाली येतो. भक्तिभावाने, हळू सुरात बोलणाऱ्याचा तर फारच. चौकटीतला Threshold हा आकडा म्हणजे जणू उंबरठा: आवाज याच्या खाली गेला की बोलणे संपले, असे संगणक समजतो. तो -30 डेसिबल असतो. निवेदकाचा 'नाही' त्याहून हळू असेल, तर संगणक त्याला मौन समजतो आणि त्यापुढे मोकळी जागा असेल तर नेमका त्याच शब्दावर नामघोष चढू लागतो. मागच्या रांगेला ऐकू येते, "जात विचारली जात..." आणि पुढे टाळ! सांगायचे होते त्याच्या उलट अर्थ कानी पडतो.

यावर उपाय म्हणजे उंबरठा खाली नेणे, -35 किंवा -40 पर्यंत. पण यालाही मर्यादा आहे. फार खाली नेला तर खोलीतली घरघर किंवा दूरची वाहनेदेखील बोलणे ठरतात, आणि नामघोष कधी वर येतच नाही. तसे झाले तर खोली पुरेशी शांत नव्हती असे समजावे. सर्वांत खात्रीचा उपाय निवेदकाच्याच हाती आहे: शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच स्वच्छ म्हणावा.

एक गोष्ट मात्र संगणकाला कळत नाही, ती म्हणजे ताल. नामाच्या मध्येच पुढचे वाक्य सुरू झाले तर नाम तोडल्यासारखे वाटते. अशा वेळी नामघोष कापू नये. निवेदनाचा तुकडा थोडा पुढे सरकवून आवर्तन पुरे होऊ द्यावे. मात्र हे सरकवणे Auto Duck लावण्याच्या आधी करावे. नंतर सरकवले तर उतार जुन्या जागीच राहतो, आणि सारे मागे घेऊन पुन्हा करावे लागते.

शेवटी परीक्षा घ्यावी, पण ती स्वतःच्या कानांनी नव्हे. संहिता तुम्हाला पाठ असते, त्यामुळे न ऐकू आलेला शब्दही तुम्हाला ऐकू येतो. ज्या मुलाने ती वाचलेली नाही त्याला पटांगणाच्या दूरच्या टोकाला, कर्ण्यापासून लांब बसवा आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द लिहायला सांगा. पटांगणात आवाज भिंतींवर आपटून घुमतो. खोलीत पुरेसे वाटलेले -12 तिथे कमी पडू शकतात. त्याच्या वहीत एखादा 'नाही' गळलेला दिसला तर त्या वाक्याकडे परत जा. निवेदकाचा तो शब्द पुसट असेल तर वाक्य पुन्हा म्हणवून घ्या. स्वच्छ असेल तर नामघोष आणखी तीन डेसिबल खाली घ्या आणि दुसऱ्या मुलाला बसवा.