ब्रुकलिन शहर की शहराचा भाग?

• न्यूयॉर्क शहराचे पाच बरो आहेत: मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड. सध्याचे एकत्रित शहर १८९८ साली झाले. त्याआधी ब्रुकलिन स्वतंत्र शहर होते.

• २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८८,०४,१९० होती. त्यातले २७,३६,०७४ लोक ब्रुकलिनचे. हा आकडा शहराच्या आकड्यात आधीच धरलेला असतो. दोन्हींची बेरीज केली की ब्रुकलिनकर दोनदा मोजले जातात.

• त्याच जनगणनेत शिकागोची लोकसंख्या २७,४६,३८८ होती, म्हणजे ब्रुकलिनपेक्षा जेमतेम १०,३१४ जास्त. तरीही अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या यादीत ब्रुकलिन सापडत नाही, कारण यादी शहरांची असते, बरोंची नव्हे.

• खरी फसगत नावात आहे. प्रत्येक बरो ही एक काउंटीही असते. ब्रुकलिन म्हणजे किंग्ज काउंटी. ‘न्यूयॉर्क काउंटी’ म्हणजे मात्र फक्त मॅनहॅटन. तक्त्यात न्यूयॉर्कपुढे सतरा लाखांच्या आसपासचा आकडा दिसला, तर तो मॅनहॅटनचा समजावा.

• पॅरिसच्या २० भागांना (आराँदिसमाँ) नावापेक्षा क्रमांकानेच ओळखतात. त्यामुळे तिथे असा घोळ होत नाही.

• आपल्याकडचा नमुना: २०११ च्या जनगणनेत ‘मुंबई शहर’ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती. उपनगर जिल्ह्याचे सुमारे ९४ लाख त्यात मिळवले, की बृहन्मुंबईचे सव्वा कोटीच्या जवळपास होतात.