वही कुणाची?

अकरावी वाणिज्यच्या पुस्तपालनाच्या पेपरात एक रिकामी जागा हमखास भेटते: ‘रोखवहीची नावे बाकी म्हणजे पासबुकाची ____ बाकी.’ उत्तर एका शब्दाचं आहे, ‘जमा’. वर्गात ते सगळ्यांना पाठ असतं. मात्र ‘का?’ असं विचारलं की निम्मी मुलं छताकडे बघतात. त्यांचा दोष नाही. मोबाइलवर बँकेचा संदेश येतो, ‘तुमच्या खात्यात इतके रुपये जमा’, आणि घरात आनंद होतो. म्हणजे जमा चांगलं, पैसे आले की जमा. मग हे पुस्तक उघडावं तर पहिल्याच धड्यात लिहिलेलं, ‘जे येते ते नावे’. पैसे तेच, तरी शब्द उलटा.

रिकाम्या जागा आणि जोड्या लावा या प्रश्नांना पोरं ‘हुकमी मार्क’ म्हणतात आणि आदल्या रात्री त्यांची यादी घोकतात. या विषयात ती घोकंपट्टी फसते, कारण त्यातले बरेच प्रश्न शब्द विचारत नाहीतच. ही वही कुणाची, आणि तिच्यात समोरचा माणूस कुठे उभा आहे, हे ते विचारतात. एक लहानसं दुकान घेऊन पाहू.

समजा, तुमच्या आत्याने गावात वह्या-पेनांचं दुकान काढलं. स्वतःच्या बचतीतले 50,000 रुपये तिने दुकानात घातले. आता पहिली रिकामी जागा: ‘भांडवल खाते हे ____ खाते आहे.’ इथे ‘वास्तव’ लिहिणारे पुष्कळ, कारण भांडवल म्हटलं की डोळ्यांपुढे नोटा येतात. नोटांचं खातं मात्र वेगळं आहे, ते रोख खातं. भांडवल खातं हे आत्याचं खातं आहे. दुकानाची वही आत्याला परकी व्यक्ती मानते: ही बाई आली, तिने 50,000 दिले, ते आपण तिचं देणं लागतो. ती देणारी, म्हणून तिचं खातं जमा. रोख आली, म्हणून रोख खातं नावे. उत्तर ‘व्यक्तिगत’. पुस्तकात ज्याला व्यवसायाचं स्वतंत्र अस्तित्व म्हणतात, ते इतकंच आहे. दुकानाचा गल्ला आत्याच्या पदराला बांधलेला असला, तरी वहीत दोघी वेगळ्या.

त्याची खरी परीक्षा महिनाभराने होते. भाच्याची शाळा सुरू होते आणि आत्या दुकानातल्याच 500 रुपये खरेदी किमतीच्या वह्या त्याला देते. घरात कुणी याला व्यवहार म्हणणार नाही. वही मात्र म्हणते. माल आत्याने नेला, ती घेणारी झाली, म्हणून उचल खातं 500 ने नावे. आणि विकण्यासाठी आणलेला माल विक्रीवाचून कमी झाला, म्हणून खरेदी खातं 500 ने जमा. ‘मालकाने स्वतःच्या उपयोगासाठी घेतलेल्या मालाला ____ म्हणतात’ या जागेत ‘खर्च’ लिहिणाऱ्या मुलाने दुकान आणि आत्या एक करून टाकली आहे. मग वर्षाअखेरीस तो 500 रुपये दुकानाच्या खर्चात धरेल आणि नफा तेवढा कमी दाखवेल. एका शब्दाच्या चुकीचं मोल असं रुपयात मोजता येतं.

आता घाऊक व्यापाऱ्याकडून माल येतो, उधारीवर. छापील यादीप्रमाणे किंमत 20,000, त्यावर 10 टक्के व्यापारी सूट. (जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवू; तो धरला तर नोंदीत आणखी खाती येतात.) बिल आलं 18,000 चं. वहीत खरेदी 18,000 ने नावे, आणि व्यापारी देणारा म्हणून त्याचं खातं 18,000 ने जमा. सुटीच्या 2,000 रुपयांचं काय? काही नाही. ते बिलावर वजा होऊन दिसतात, वहीत त्यांना खातंच नाही. कारण दुकानाने 20,000 चा व्यवहार कधी केलाच नाही. सौदा ठरला तोच 18,000 ला.

पुढे व्यापारी सांगतो, ठरल्या मुदतीत पैसे दिलेत तर आणखी 2 टक्के सोडतो. आत्या मुदतीत देते. 18,000 चे 2 टक्के 360. धनादेश 17,640 चा. आता व्यापाऱ्याचं खातं पूर्ण 18,000 ने नावे पडतं, बँक खातं 17,640 ने जमा, आणि उरलेले 360 ‘मिळालेली सूट’ खात्याला जमा. ही रोख सूट. ती वहीत येते, कारण देणं 18,000 चं उभं राहिलं होतं आणि त्यातलं 360 चं देणं पैसे न देताच फिटलं. दुकानाला तेवढा लाभ झाला. ‘____ सूट हिशेबाच्या पुस्तकात नोंदवली जात नाही’ ही जागा भरताना दोन व्याख्या आठवत बसायची गरज नाही. वहीत देणं लिहिलं जाण्याआधीची सूट की नंतरची, एवढं विचारलं की पुरे.

याच दुकानावर जोड्या लावू. ‘अ’ गटात पाच खाती: घाऊक व्यापाऱ्याचं खातं, बँक खातं, अदत्त भाडे खातं, ख्याती खातं, मिळालेली सूट खातं. ‘ब’ गटात सहा प्रकार: अमूर्त मालमत्ता, नामधारी, कृत्रिम व्यक्ती, मूर्त मालमत्ता, प्रतिनिधिक व्यक्तिगत, नैसर्गिक व्यक्ती. ब गटात एक जास्त का, हे सांगायला हवं. पाचास पाच ठेवले तर चार जोड्या येणाऱ्याला पाचवी फुकट मिळते. शिवाय तिथे नेमकी एकच जोडी चुकणं शक्यच नसतं: एक चुकली की तिच्या हक्काच्या जागी बसलेली दुसरीही चुकते. त्यामुळे एकाच गोष्टीबद्दल घोटाळा असलेल्या मुलाचे दोन गुण जातात. सहावा पर्याय टाकला की फुकटचा गुणही जातो आणि हा अन्यायही बराच कमी होतो. प्रश्न काढणाऱ्यांनी एवढा कंजूषपणा करू नये, असं माझं मत आहे.

व्यापारी हा हाडामांसाचा माणूस, नैसर्गिक व्यक्ती. बँक कायद्याने जन्मलेली, कृत्रिम व्यक्ती. ‘बँक खाते’ वाचून मुलं पैसा समजतात आणि ‘मूर्त मालमत्ता’ला जोडतात; ब गटातलं ते सहावं आमिष त्यांच्यासाठीच ठेवलेलं असतं. गल्ल्यातली रोख ही वस्तू, बँकेतली रक्कम हे बँकेकडून येणं. ख्याती म्हणजे दुकानाचं नाव. ते विकता येतं पण हाताला लागत नाही, म्हणून अमूर्त. मिळालेली सूट हा लाभ, म्हणून नामधारी.

सगळ्यात जास्त जोड्या मोडतात त्या अदत्त भाड्यावर. दुकानाचं मार्चचं 4,000 रुपये भाडं 31 मार्चला द्यायचं राहिलं. त्या वर्षाचा खर्च म्हणून ‘भाडे’ खातं नावे पडतं, आणि ते नामधारी आहे यात वाद नाही. पण जोडीला जे ‘अदत्त भाडे’ खातं जमा होतं, त्याच्या मागे एक माणूस उभा आहे: घरमालक. त्याचे 4,000 रुपये आपल्याकडे आहेत. खात्याला त्याचं नाव न देता त्याच्या वतीने आपण ‘अदत्त भाडे’ अशी पाटी लावली, म्हणून प्रतिनिधिक. ओळखायची खूण सोपी. उधार दिलेल्या किंवा घेतलेल्या पैशासाठी कुणाच्या तरी दारात जावं लागेल का? लागत असेल तर खातं व्यक्तिगत. ‘अदत्त’ आणि ‘पूर्वदत्त’ हे शब्द पुढे लागले की खर्चाचं खातं माणसाचं होतं.

उचल खातं मी या जोड्यांत मुद्दाम घेतलं नाही. ते व्यक्तिगत हे सगळ्यांना मान्य, पण काही पुस्तकं ते नैसर्गिकमध्ये बसवतात, काही प्रतिनिधिकमध्ये. दोन्ही पर्याय समोर असताना ते विचारणं म्हणजे मुलाने कुठलं पुस्तक वापरलं, हे तपासणं. असाच दुबळा प्रश्न रिकाम्या जागांतही सापडतो: ‘____ हे मूळ नोंदीचे पुस्तक आहे.’ अपेक्षित उत्तर रोजकीर्द. पण रोखवहीतही व्यवहाराची पहिलीच नोंद होते, खरेदी पुस्तकातही. रोखवही लिहिणाऱ्या मुलाला शून्य देणं मला जमणार नाही.

आता सुरुवातीच्या जागेकडे. आत्याने गल्ल्यातले 30,000 रुपये बँकेत भरले. दुकानाच्या वहीत बँक ही घेणारी. घेणाऱ्याचं खातं नावे, म्हणून रोखवहीच्या बँक रकान्यात 30,000 नावे. त्याच क्षणी बँकेच्या वहीतही एक पान उघडतं, दुकानाच्या नावाचं. तिथे दुकान देणारं आहे. देणाऱ्याचं खातं जमा, म्हणून 30,000 जमा. नियम एकच, तोच दोन वह्यांनी पाळला. फक्त प्रत्येक वहीने समोरच्याचं नाव लिहिलं. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतल्या आपल्या पानाची नक्कल, आणि मोबाइलवरचा संदेश त्याच पानावरची एक ओळ. डेबिट कार्डाचं नावही तिथूनच आलं. कार्ड फिरवलं की बँक तिच्या वहीत तुमचं खातं नावे टाकते. म्हणूनच पासबुकात नावे बाकी दिसली तर आनंद करू नये. बँकेने तुमच्या शिलकीपेक्षा जास्त पैसे दिलेत, म्हणजे तो अधिकर्ष आहे.

व्यापाऱ्याला 17,640 चा धनादेश दिला, त्या दिवशी आत्याने रोखवहीत बँक खातं तेवढ्याने जमा केलं. तिच्या वहीत उरले 12,360, नावे बाकी. संध्याकाळी पासबुक भरून आणलं तर त्यात 30,000 जमा. आत्या घाबरली. फरक बरोबर 17,640 चा होता: व्यापाऱ्याने धनादेश अजून त्याच्या बँकेत टाकलाच नव्हता. बँक जुळवणी पत्रकात तो ‘दिलेला पण वटवण्यास न टाकलेला धनादेश’ म्हणून लिहायचा, रोखवहीच्या 12,360 मध्ये 17,640 मिळवायचे, की पासबुकाचे 30,000 मिळतात. पुढच्या आठवड्यात धनादेश वटला आणि दोन्हीकडे 12,360 झाले, आत्याकडे डाव्या बाजूला, बँकेकडे उजव्या.