कालचा साठा कुठे गेला?

औषधांच्या घाऊक दुकानातल्या संगणकात बऱ्याचदा प्रत्येक औषधासमोर साठ्याचा एकच आकडा असतो. सोमवारी ४० पेट्या होत्या. मंगळवारी ३५ विकल्या की त्याच जागी ५ येतो आणि ४० पुसला जातो. मग ‘गेल्या महिन्यात हे औषध किती दिवस संपलेलं होतं?’ याचं उत्तर तिथे मिळत नाही. खरेदी-विक्रीच्या नोंदींवरून मागे मोजत जाता येतं, पण फुटलेल्या बाटल्या किंवा हाताने केलेल्या दुरुस्त्या त्यात नसल्या की हिशेब फसतो.

म्हणून रोज रात्री, दुकान बंद झाल्यावर, सगळा तक्ता तारीख लावून वेगळ्या जागी उतरवून ठेवतात. जागा वाचवायला शून्य साठ्याच्या ओळी वगळायचा मोह होतो, वगळू नयेत. नाहीतर माल संपला होता की त्या रात्री नोंदच झाली नाही, हे नंतर कळत नाही. नोंद राहिलेला दिवस मोकळाच ठेवावा, आदल्या दिवसाचा आकडा तिथे चिकटवू नये.

आणि महिन्याच्या आकड्यांची बेरीज तर मुळीच करू नये: न विकलेली एकच पेटी त्यात तीसदा मोजली जाते. सरासरी काढावी, किंवा सरळ शून्याचे दिवस मोजावेत.