‘ठ’ला अरबीत कोणतं अक्षर?

दुबईला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाच्या ओळखपत्रावर त्याचं नाव रोमनबरोबर अरबी लिपीतही छापलेलं असतं. हे अरबी रूप बहुधा पासपोर्टवरच्या रोमन स्पेलिंगवरून तयार होतं. गडबड तिथेच सुरू होते.

समजा, नाव आहे विठ्ठल खरे. पासपोर्टवर Vithal Khare. अरबीत ट, ठ, ड, ढ नाहीत, तसे ख, थ, ध, भ हे महाप्राणही नाहीत. पण रोमन th आणि kh दिसलं, की टंकलेखकाचा हात सहज ث आणि خ या अक्षरांकडे जातो. त्यातलं ث हे जीभ दातांत धरून उच्चारायचं, आपल्या कानाला ‘स’जवळचं वाटणारं अक्षर. خ म्हणजे घशातून खरवडून काढलेला ‘ख’. तो ‘खान’मध्ये अगदी बरोबर, कारण हा शब्द अरबी लिपीत पूर्वीपासून तसाच लिहिला जातो. ‘खरे’मधला ख मात्र वेगळा, आणि रोमनमध्ये दोन्ही kh! शिवाय خ नंतरचा अलिफ गाळून خري लिहिलं, तर ते बोलभाषेतल्या विष्ठेसाठीच्या शब्दासारखं दिसतं. म्हणून मूळ देवनागरी नाव समोर ठेवूनच अक्षरं निवडायला हवीत.

उर्दूचा आधार घ्यावा, असं पहिल्यांदा मनात येतं. उर्दूत ‘ट’साठी ٹ आहे, आणि महाप्राणासाठी अक्षरापुढे दोन डोळ्यांचा ھ जोडतात. पण सामान्य अरबी वाचकाला ٹ ओळखीचं नाही आणि ھ त्याला साधा ‘ह’ वाटतो. त्यामुळे ‘भोपाळ’चं ‘बहोपाल’सारखं काही होऊन बसतं. संगणकालाही ھ आणि अरबी ه ही दोन वेगळी अक्षरं. शोध घेताना नाव सापडत नाही ते यामुळेही.

मग अरबी वाचकासाठी काय करायचं? महाप्राण सोडून द्यायचा आणि मूर्धन्याऐवजी जवळचा दंत्य घ्यायचा. गांधींचं नाव अरबीत غاندي असं रूढ आहे. त्यात ‘ध’च्या जागी साधा ‘द’ आहे, ‘ह’ जोडलेला नाही. जुन्या अरब भूगोलकारांनी ठाण्याला ‘ताना’ (تانه) लिहिलं, तेही याच पद्धतीने. ‘ट’साठी भारदस्त ط घेण्याचा मोह टाळलेला बरा, कारण तो शेजारचा स्वरही जाड करतो. टाटा अरबीत تاتا असेच लिहिले जातात.

या हिशेबाने विठ्ठल खरे فيتال كاري होतात. ‘व’साठी अरबीत नेमकं अक्षर नसल्याने ‘फ’ आला, आणि ऱ्हस्व ‘अ’ सहसा लिहीत नसल्याने चुकीचा स्वर वाचला जाऊ नये म्हणून अलिफ घातला. उच्चार ‘फीताल कारी’च्या जवळ जाईल. पूर्ण बरोबर नाही, पण ओळखू येण्याजोगा आहे.

या पद्धतीत तोटा आहेच. ‘ळ’ तर उर्दूतही नाही, तिथेही ‘ल’च. काळे, काले, खाले ही तिन्ही आडनावं كالي होतात. त्यामुळे माणूस नेमका कोण, हे रोमन नाव आणि पासपोर्ट क्रमांकावरूनच ठरतं. आणि एकदा ठरलेलं अरबी रूप बँकेत, भाडेकरारात, मुलांच्या जन्मदाखल्यावर अक्षरशः तेच राहतंय ना, हे प्रत्येक कागदावर सही करण्याआधी अरबी वाचता येणाऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं.