सिलिंडर पुरला, पैसे उरले का?

इंडक्शनच्या शेगडीने खरोखर बचत होते का? बीडमधील एका घराचा नमुन्यादाखल हिशेब मांडू.

समजा, १ जुलैला जोडलेला सिलिंडर १० ऑगस्टला संपला. म्हणजे ४० दिवस पुरला. (तारीख पावतीवरची नव्हे, जोडल्याची घ्यावी.) मग निम्मा स्वयंपाक इंडक्शनवर होऊ लागला. पुढचा सिलिंडर २९ ऑक्टोबरपर्यंत, ८० दिवस चालला. महिन्याला पूर्वी पाऊण सिलिंडर लागे, आता त्याच्या निम्मा. किंमत ९०० रुपये धरल्यास बचत सुमारे ३३८ रुपये.

आता वीजबिल पाहा. वापर ९० वरून १४० युनिट झाला. महावितरणचा दर १०० युनिटांनंतर चढतो. तो आधी ६ व नंतर १२ रुपये धरू. पहिल्या १० युनिटांचे ६० आणि उरलेल्या ४० युनिटांचे ४८० मिळून ५४० रुपये वाढले. म्हणजे दरमहा सुमारे २०२ रुपयांचा तोटा!

मात्र मूळ वापर ४० युनिटच असता, तर तीच ५० युनिटे ३०० रुपयांत मिळून थोडी बचतच झाली असती.

तुमच्या बिलावरील दर घालून हा हिशेब करा. उन्हाळ्याचे महिने मात्र टाळा; कूलरची युनिटे त्यात मिसळतात.