पट्टीत न दिसणारी वजावट

गडहिंग्लजच्या बाजार समितीत मिरची घेऊन आलेल्या शेतकऱ्याला सौद्याचा भाव ऐकून हाती किती पडणार हे समजत नाही. ते पट्टीवर समजतं, हमाली-तोलाई वजा झाल्यावर. त्याच गावातली मोबाइलवर शेअर घेणारी मंडळी मात्र स्क्रीनवरच्या हिरव्या आकड्यालाच कमाई मानतात. शेअर बाजारातही पट्टी असते, पण ती कॉन्ट्रॅक्ट नोट आणि ब्रोकरकडचं लेजर अशा दोन कागदांत विभागलेली असते. दुसरा कागद फारसं कुणी उघडत नाही.

एक नमुना हिशोब पाहू. ४०० रुपये भाव दिसत असताना ५०० शेअर घ्यायचं ठरलं आणि मार्केट ऑर्डर टाकली. त्या भावाला विकायला फक्त १५० शेअर होते. पुढचे २०० मिळाले ४००.८० ला, उरलेले १५० मिळाले ४०१.६० ला. सरासरी पडली ४००.८० आणि खरेदी झाली २,००,४०० रुपयांची. त्यातले ६० टक्के, म्हणजे १,२०,२४० रुपये ब्रोकरने मार्जिन ट्रेडिंग सुविधेतून दिले, वार्षिक १४ टक्के व्याजाने. ६० दिवसांनी भाव ४२० दिसताना विक्री केली, ती सरासरी ४१९.४० ला झाली.

मनातला नफा १०,००० रुपये. विकण्याआधी अ‍ॅपवर दिसत होता ९,६००, कारण अ‍ॅप खरेदीची खरी सरासरी धरतं. प्रत्यक्ष व्यवहारातला फरक ९,३०० रुपये.

इथेच पहिली गल्लत होते. ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक, म्हणजे स्लिपेज, या हिशोबात दोन्ही बाजू मिळून ७०० रुपयांचं आहे. काही जण ते ९,३०० मधून पुन्हा वजा करतात. प्रत्यक्ष मिळालेले भाव धरले असतील, तर स्लिपेज त्यांत आधीच मुरलेलं असतं. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवायची ती एवढ्यासाठी, की कमी उलाढालीच्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर टाकण्याची सवय किती महाग पडते ते दिसावं. त्यासाठी ऑर्डर टाकतानाचा भाव तेव्हाच लिहून ठेवावा लागतो, कॉन्ट्रॅक्ट नोटवर तो कधीच येत नाही.

“आमचा ब्रोकर फक्त वीस रुपये घेतो” हा दुसरा गोड समज. दोन ऑर्डरींचे ४० रुपये झाले, हे खरं. पण डिलिव्हरीच्या व्यवहारावर सरकारचा एसटीटी खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का असतो. तो झाला ४१० रुपये, ब्रोकरेजच्या दहापट. खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ३० रुपये. एक्स्चेंजचं शुल्क, सेबीची फी आणि जीएसटी मिळून साधारण २२ रुपये, आणि डीपी व तारण ठेवण्या-सोडवण्याचे समजा ६०. एकूण ५६२.

खरा घास घेतला व्याजाने: ६० दिवसांचे २,७६७ रुपये. शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीतही ते चालूच असतं. ते कॉन्ट्रॅक्ट नोटवर नसून लेजरमध्ये असल्यामुळे निसटतं. सगळं वजा जाता हातात राहिले ५,९७१ रुपये.

तीन-चार पोझिशन एकदम चालू असल्या की लेजरमधलं व्याज एकगठ्ठा येतं. मग ते प्रत्येकीवर समान वाटलं जातं, आणि चुकीच्या शेअरला दोष जातो. उधारीची रक्कम गुणिले दिवस, या प्रमाणात वाटणी करावी. एकीत १,२०,००० रुपये ६० दिवस आणि दुसरीत ६०,००० रुपये १० दिवस अडकले असतील, तर गुणाकार ७२ लाख आणि ६ लाख येतो. व्याज १२ ला १ असं विभागलं जाईल.

फ्युचर्समध्ये व्याज लागत नाही, असंही म्हटलं जातं. तिथे व्याजाची वेगळी ओळ नसते एवढंच. पुढच्या महिन्याचा करार बहुधा चढ्या भावाने मिळतो आणि रोलओव्हर करताना तो फरक मोजावा लागतो. क्रिप्टोच्या मुदत नसलेल्या करारांत फंडिंग दर असतो, अनेक एक्स्चेंजवर दर आठ तासांनी. तो कधी द्यावा लागतो, कधी मिळतोही, म्हणून वहीत त्याला उणे-अधिक दोन्ही चिन्हं हवीत.

हे किरकोळ वाटत असेल, तर सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास पाहावा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, आणि या ट्रेडरांनी व्यवहारखर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये मोजले. स्लिपेज कुठल्याच बिलावर छापलं जात नाही, ते ज्याचं त्यानेच मोजायचं.